घसरता स्कोअर : डोक्याला मार लागल्यावर जीसीएस कसा वाचायचा

ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्णालयातल्या बोलीत 'जीसीएस', हे शुद्ध किती आहे ते आकड्यात मांडण्याचे साधन आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहॅम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी ते १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्याआधी केस पेपरवर 'गुंगीत', 'अर्धवट शुद्धीत' असे शेरे असत. अशा शेऱ्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि पुढच्या पाळीत वाचणाऱ्याच्या मनात दुसरा असे. रात्रीत रुग्ण बिघडला की आधीपासूनच तसा होता, हे त्यावरून कळत नसे. नव्या मोजणीने मत बाजूला ठेवले आणि जे डोळ्यांना दिसते व कानांना ऐकू येते तेवढेच नोंदवायला सांगितले.

मोजायच्या गोष्टी तीन: डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या E, V आणि M अशा लिहितात. डोळे आपोआप उघडे असतील तर ४ गुण, हाक मारल्यावर उघडले तर ३, दाब दिल्यावर उघडले तर २ आणि उघडलेच नाहीत तर १. बोलण्याला जास्तीत जास्त ५ गुण आहेत. स्वतःचे नाव, आपण कुठे आहोत आणि महिना कोणता हे बरोबर सांगितले तर ५. वाक्ये नीट पण उत्तरे चुकीची असतील तर ४. सुटे, असंबद्ध शब्द आले तर ३. नुसते कण्हणे २ आणि आवाजच नाही तर १.

हालचालीचे गुण ६ आहेत. सांगितलेली कृती केली तर ६. मानेजवळ किंवा भुवईच्या कडेला दाब दिल्यावर हात तो दाब हटवायला गळपट्टीच्या हाडाच्या वर आला तर ५. हात कोपरात वाकून नुसता मागे ओढला गेला तर ४. हात ताठरपणे छातीकडे आखडला तर ३, उलट कोपर सरळ होऊन ताठ झाले तर २ आणि काहीच हालचाल नसेल तर १. मूळ मांडणीत हाताच्या वाकण्याचे हे दोन प्रकार एकच धरलेले होते. ते वेगळे केल्यावर कमाल बेरीज १४ ची १५ झाली. किमान बेरीज ३ आहे, कारण प्रत्येक भागाला निदान १ गुण मिळतोच. 'स्कोअर शून्य' असा पर्याय परीक्षेत दिसला तर तो विचार न करता बाद करता येतो.

मोजण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पाहायचे, मग बोलायचे आणि मगच दाब द्यायचा. दाब पहिल्यांदा बोटाच्या नखाच्या बुडाशी, पेनच्या कडेने हळूहळू वाढवत देतात. रुग्ण झोपेत असेल तर आधी त्याला पूर्ण जागे करून मग गुण द्यायचे असतात. 'शांत झोपला आहे' या शेऱ्याखाली खोल जाणारी शुद्ध सहज लपते. आज्ञा ऐकतो का हे पाहताना नुसते 'हात दाबा' म्हणून भागत नाही. तळव्याला स्पर्श झाल्यावर बोटे आपोआपही मिटू शकतात. म्हणून 'माझी बोटे दाबा, आता सोडा' असे सांगतात किंवा जीभ बाहेर काढायला लावतात.

पहिल्या बेरजेवरून दुखापतीची ढोबळ प्रतवारी होते: १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. पण डोक्याच्या दुखापतीत खरी माहिती एका आकड्यात नसून एकामागून एक घेतलेल्या आकड्यांत असते. दुपारपासून १३ वर असलेला आणि आता १४ झालेला रुग्ण सावरतो आहे. तासाभरापूर्वी १५ असलेला आणि आता १३ वर आलेला रुग्ण धोक्यात आहे, मग प्रतवारीत तो अजून 'सौम्य' का असेना.

याचे कारण कवटीच्या बांधणीत आहे. मोठ्या माणसाची कवटी प्रसरण पावत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढेच मावते. रक्तस्राव सुरू झाला की आधी पाणी मणक्याकडे सरकते आणि शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते, त्यामुळे आतला दाब काही काळ फारसा वाढत नाही. ही सोय संपली की थोडेसे जादा रक्तही दाब झपाट्याने वाढवते. म्हणून स्कोअर सुरुवातीला एकेक गुणाने घसरतो आणि नंतर एकदम कोसळतो. पहिला एक गुण घसरतो तो काळच उपचाराला सर्वांत सोयीचा असतो.

परीक्षेत विचारतात तसे एक उदाहरण घेऊ. चोवीस वर्षांचा तरुण मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हते आणि मार डाव्या कानशिलावर बसला. जागेवर दोनेक मिनिटे बेशुद्ध होता, नंतर बोलू लागला. रात्री ९ वाजता कॅज्युअल्टीत त्याची नोंद E4V5M6, म्हणजे १५, अशी झाली. नाडी ८८, रक्तदाब १२४/८०, दोन्ही बाहुल्या ३ मिलिमीटर. दहा वाजता डोके खूप दुखते म्हणाला, एकदा उलटी झाली, चिडचिड करू लागला आणि दवाखान्याला 'गॅरेज' म्हणाला: E4V4M6, म्हणजे १४. साडेदहाला पुन्हा उलटी झाली आणि डोळे हाकेनेच उघडू लागले: E3V4M6, म्हणजे १३. पावणेअकराला E2V2M5, म्हणजे ९. डावी बाहुली ५ मिलिमीटर, प्रकाशाला मंद. उजवा हात लुळा. नाडी ५६, रक्तदाब १६८/९०.

हे चित्र मेंदूच्या बाहेरच्या आवरणावर साचणाऱ्या रक्ताचे आहे. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाड तडकले तर ती फाटते आणि हाड व आवरण यांच्यामध्ये रक्ताची गाठ वाढत जाते. पहिली बेशुद्धी धक्क्याची होती. मधला शुद्धीचा काळ फसवा होता, कारण तेवढ्या वेळात गाठ वाढत होती. वाढत्या दाबाने मेंदूचा कानशिलाकडचा भाग आत, मेंदूच्या देठाकडे ढकलला गेला. तिथून जाणारी बाहुली आवळणारी नस दबली, म्हणून माराच्या बाजूची बाहुली मोठी झाली. मेंदूतून खाली येणारे हालचालीचे तंतू पुढे बाजू बदलतात, म्हणून लुळेपणा समोरच्या बाजूला आला. रक्तदाब चढणे आणि नाडी मंदावणे ही देठावरच्या दाबाची उशिरा दिसणारी खूण आहे.

या उदाहरणात दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे उजवा हात लुळा असूनही हालचालीचे गुण ५ आहेत. गुण नेहमी चांगल्या हाताच्या हालचालीवर दिले जातात आणि डावा हात अजून दाबाकडे जात होता. एका बाजूचा लुळेपणा आणि बाहुल्यांचा फरक बेरजेत दिसतच नाही, म्हणून हातापायांची ताकद आणि बाहुल्या वेगळ्या नोंदवाव्या लागतात. दुसरी म्हणजे घसरणीचा क्रम. साधारणपणे आधी बोलण्यातले भान जाते, मग डोळे मिटू लागतात आणि हालचाल शेवटी बिघडते. म्हणूनच M मधली घट सर्वांत वजनदार धरतात. ५ वरून ३ वर येणे, म्हणजे दाब हटवणारा हात छातीशी आखडणे, ही खोलवर पोचलेल्या इजेची खूण आहे. बेरीज सारखी असलेले दोन रुग्ण सारखे नसतात, म्हणून नुसते '९' न लिहिता तिन्ही गुण सुटे लिहायचे असतात.

मग हालचाल केव्हा करायला हवी होती? ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शिका सांगते की स्कोअर १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासावे. १५ असेल तर पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास तासातासाने आणि त्यानंतर दर दोन तासांनी. एका गुणाची घट अर्धा तास टिकली तरी डॉक्टरांनी तातडीने पुन्हा तपासावे. E किंवा V मध्ये ३ गुणांची अथवा M मध्ये २ गुणांची घट झाली तर अर्धा तासही थांबू नये. नवी अस्वस्थता, वाढती डोकेदुखी, थांबत नसलेल्या उलट्या आणि असमान बाहुल्या यांनाही हेच लागू आहे. या तरुणाच्या बाबतीत दहाच्या नोंदीतली चिडचिड आणि वाढलेली डोकेदुखीच डॉक्टरांना बोलावायला पुरेशी होती. साडेदहाला तर घट टिकली होती आणि वाढलीही होती. बाहुली मोठी होण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे.

प्रश्नपत्रिकेतले चुकीचे पर्याय याच ठिकाणी मोह घालतात. अस्वस्थ रुग्णाला झोपेचे औषध दिले तर घसरणारा स्कोअर झाकला जातो आणि श्वास मंदावला तर मेंदूतला दाब आणखी वाढतो. कमरेतून पाणी काढले तर वरचा मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. 'नोंद करा आणि तासाभराने पुन्हा पाहा' हा पर्याय दिसायला शिस्तीचा आहे, पण त्या तासात गाठ वाढते. बरोबर क्रम असा: श्वासमार्ग, ऑक्सिजन आणि रक्तदाब सांभाळणे, रक्तातली साखर पाहणे, वरिष्ठांना कळवणे, तातडीने सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जनला बोलावणे. डोक्याची बाजू सुमारे ३० अंश वर ठेवतात आणि मान सरळ ठेवतात, मात्र मणक्याच्या इजेची शंका असेल तर मान न वाकवता पूर्ण पलंगच तिरका करतात. दाब तात्पुरता उतरवायला मॅनिटॉल किंवा मिठाचे तीव्र द्रावण देतात, पण खरा उपाय गाठ काढणे हाच. स्कोअर ८ किंवा खाली आला की रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग राखू शकेल याचा भरवसा उरत नाही, म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी करतात.

प्रत्येक कमी आकडा मात्र मेंदूतल्या गाठीचाच नसतो. नळी घातलेला रुग्ण बोलू शकत नाही. तिथे V ला १ न देता 'तपासता येत नाही' असे लिहितात. पापण्या सुजून मिटल्या असतील तर E चेही तसेच. मानेच्या मणक्याला इजा झाली असेल तर हातपाय हलणार नाहीत, पण डोळे किंवा जीभ सांगितल्यासारखी हलू शकते. रक्तातली साखर किंवा ऑक्सिजन कमी असेल, नुकतीच आकडी येऊन गेली असेल, तरी गुण घटतात. मुंबईच्या बांधकामावरून आणलेल्या ओडिया मजुराला मराठीत प्रश्न विचारून 'भान नाही' ठरवले, तर चूक त्याची नव्हे. दारूचा वास येत असला तरी घट दारूच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. मेंदूचे कारण सीटी स्कॅनने नाकारल्यावरच दारूकडे वळायचे.

उलट बाजूही आहे. वयस्कर माणसाचा मेंदू थोडा आकसलेला असतो, त्यामुळे कवटीत जागा उरते आणि रक्त साचत असूनही स्कोअर बराच काळ १५ राहू शकतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर किरकोळ पडण्यानेही रक्तस्राव होऊ शकतो. अशा रुग्णाच्या बाबतीत १५ या आकड्याने निश्चिंत न होता सीटी स्कॅनचा निर्णय वय, औषधे आणि पडण्याची हकिगत पाहून घेतला जातो. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी नर्स मिळून रुग्णाला तपासतात, तेही याच हिशेबाने: दोघींचे मोजमाप आधी एक झाले, तरच पुढच्या तासात दिसणारी घट मोजणाऱ्याची नसून रुग्णाची आहे असे म्हणता येते.