साडेसातशे रुपयांचा क्लेम मागे घेताना

सोसायटीच्या खांबाला बंपर घासला, तिथे चीर गेली. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "इन्शुरन्समधून करायचं ना?" आपण हो म्हणतो, क्लेम नंबर मोबाइलवर येतो. खरा हिशेब मात्र सर्व्हेअर येऊन गेल्यावरच समोर येतो.

चार वर्षांच्या आतली, १२०० सीसीची गाडी धरू. एस्टिमेट सहा हजारांचं: प्लास्टिकचा नवा बंपर तीन हजार, रंगकाम दोन हजार, मजुरी एक हजार. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे दीड हजार तिथेच गेले. रंगकामाच्या बिलातला पाव हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, ते अडीचशे. उरले ४,२५०. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची रक्कम, वजा होते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ती सक्तीने एक हजार असते. हप्ता कमी व्हावा म्हणून पॉलिसी घेताना अडीच हजारांची ऐच्छिक कपातही घेतली असेल, तर एकूण साडेतीन हजार. कंपनीकडून हातात येणार ७५० रुपये.

आता दुसरी बाजू. सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळतोय आणि हे वर्षही कोरडं गेलं तर तो ४५ होईल. ही सवलत फक्त गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या नाही. तो हप्ता सहा हजार असेल, तर पुढच्या नूतनीकरणालाच २,७०० रुपयांची सवलत जाते. त्यापुढच्या वर्षी ५० टक्के मिळायचे ते पुन्हा २० पासून सुरू होतं, म्हणजे आणखी अठराशे गेले. झीरो डेप असतं तर घसारा कापला गेला नसता आणि अडीच हजार मिळाले असते, तरीही तोटाच. नो क्लेम बोनस सांभाळणारं वेगळं कव्हर घेतलेलं असेल, तर मात्र त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

अशा वेळी क्लेम मागे घेणंच शहाणपणाचं. पण तो फोनवर मागे घेऊ नये. बोनसच्या नियमात, मागच्या पूर्ण वर्षात क्लेम केलेला किंवा प्रलंबित नसावा, अशी अट असते. फोनवर "बंद केला, सर" असं ऐकलं तरी नोंदीत तो प्रलंबित राहू शकतो. पुढच्या वर्षी कंपनी बदलली की नवी कंपनी जुनीकडे विचारणा करते आणि तिथे तो क्लेम दिसतो. बोनस तर जातोच, शिवाय चुकीची माहिती देऊन सवलत घेतली असा ठपका बसून मोठा अपघाती क्लेमही अडकू शकतो. म्हणून पत्र हवं, आणि ते पैसे मंजूर होण्याआधी, कॅशलेस दुरुस्ती सुरू होण्याआधी गेलं पाहिजे.

पत्र लिहिण्यापूर्वी एक काम नक्की करा: बंपर खोलून बघायला सांगा. मागचा ब्रॅकेट वाकलाय का, पार्किंग सेन्सरची वायर तुटलीय का, रेडिएटरला धक्का बसलाय का. एकदा मागे घेतलेला क्लेम पुन्हा उघडून घेणं फार जड जातं. आणि अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याची गाडी, भिंत मोडली असेल, तर हा मार्ग नाही. कंपनीला ते कळवावंच लागतं.

पत्र असं असावं:

"क्लेम विभागास,
विषय: क्लेम क्र. ..., पॉलिसी क्र. ..., वाहन क्र. ... : क्लेम मागे घेण्याबाबत.
दि. ... रोजी माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरचे नुकसान झाले. दुरुस्तीचा मान्य खर्च डिडक्टिबलच्या जवळपास असल्याने मी हा क्लेम स्वेच्छेने मागे घेत आहे. दुरुस्ती स्वखर्चाने करीत आहे. या क्लेमपोटी मी किंवा गॅरेजने कोणतीही रक्कम घेतलेली नाही. घटनेत कुणाला इजा झालेली नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेचेही नुकसान नाही. कृपया हा क्लेम 'विमाधारकाने मागे घेतला, देय रक्कम शून्य' असा नोंदवून बंद करावा आणि माझा नो क्लेम बोनस अबाधित राहील हे लेखी कळवावे."

हे नोंदवलेल्या ईमेलवरून कंपनीला पाठवावं, प्रत सर्व्हेअर आणि गॅरेजला. एजंटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप पुरावा म्हणून कमी पडतो. उत्तरात फक्त "क्लेम बंद" एवढंच आलं, तर बोनसबद्दल पुन्हा विचारा. उत्तरच आलं नाही, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग 'बिमा भरोसा'वर तक्रार करता येते, आणि महिनाभरात निकाल न लागल्यास विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबईत, पुण्यात आणि ठाण्यात आहेत.

नूतनीकरणाची नोटीस आली की बोनसच्या ओळीत ४५ टक्के छापलेत का ते बघा. शून्य दिसलं, तर पैसे भरण्याआधी ते उत्तर जोडून दुरुस्ती मागा. पॉलिसी संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी हे बघितलं, तर दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळतो. वादात मुदत उलटून ९० दिवस गेले, तर साठवलेला बोनस त्या कारणानेच जातो.