वाढदिवसाच्या चार दिवस आधी

वाढदिवसाची आठवण फोनने करून दिली, यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण अशी की ही सूचना बहुधा त्याच दिवशी, कामाच्या गडबडीत येते. तेव्हा काही सुचत नाही, मग कुठल्या तरी ग्रुपवर आलेलं केकचं चित्र आपण पुढे पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅप त्यावर ‘फॉरवर्ड’ अशी खूण करतं आणि समोरून नुसते जोडलेले हात येतात.

उपाय फोनमध्येच आहे. गुगल कॅलेंडरमध्ये वाढदिवसाची नोंद स्वतः करावी, ती दरवर्षी येईल अशी ठेवावी आणि दोन सूचना लावाव्यात: एक चार दिवस आधी, दुसरी त्या दिवशी. या नोंदीत वर्णन लिहायला जागा असते. वर्षभरात त्या माणसाशी बोलणं झालं की फोन ठेवल्याबरोबर तिथे एक ओळ लिहून ठेवावी.

समजा, कॉलेजातली मैत्रीण नाशिकला राहते. वाढदिवस ऑगस्टमध्ये. फेब्रुवारीत ती बोलता बोलता म्हणाली, गाडी शिकतेय, पण चढावर गाडी मागे येते. तुम्ही लिहिलंत: ‘फेब्रु. – गाडी शिकतेय, चढाची भीती.’ ऑगस्टमध्ये सूचना आली की ही ओळ समोर येते आणि निरोप सहज सुचतो: ‘वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा गं! चढावर गाडी अजून मागे येते का? की आता त्र्यंबकला तूच मला घेऊन जाणार?’ यात एक जुनी गोष्ट आहे आणि एक प्रश्न आहे. प्रश्नामुळे तिला उत्तर द्यावंसं वाटतं. पाठवण्यापूर्वी नाव बदलून बघावं. तोच मजकूर दुसऱ्या कुणालाही चालत असेल, तर तो अजून तिचा झालेला नाही.

नोंद शिळीही होते. ठरलेलं लग्न मोडतं, नोकरी जाते. मधले चार दिवस त्यासाठीच आहेत. एखाद्या जवळच्याला विचारून घेता येतं. आजारपण किंवा घरातलं दुःख नोंदीत असेल तर ग्रुपवर त्याचा उल्लेख नको, सरळ फोन करावा.

ज्येष्ठांच्या बाबतीत तारीखच तपासून घ्यावी. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मनोंद नसली की गुरुजी बऱ्याचदा १ जून लिहून टाकत. त्यामुळे अनेकांच्या कागदोपत्री तीच तारीख आहे. घरात मात्र ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म’ असं सांगितलं जातं. काकांना, आत्याला एकदा विचारून ती तिथी लिहून घ्यावी. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून इथे फोनची ‘दरवर्षी’ची सोय चालत नाही. नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की अशा तिथ्यांच्या तारखा बघून त्या वर्षापुरत्या फोनमध्ये घालाव्यात.