कॅरेक्टर गर्दीत हरवतंय? आधी त्याची काळी आकृती बघा

माझी एक मैत्रीण छोटा गेम बनवतेय. आठवडी बाजारातून पळत निरोप पोचवणारी मुलगी ही त्याची नायिका. डेमो खेळणाऱ्यांना मात्र ती गर्दीत सारखी हरवत होती. ॲनिमेशन सुरू व्हायच्या आधी तिने मला कॉन्सेप्ट शीट दाखवली, म्हणजे पुढून, बाजूने आणि मागून काढलेली चित्रं. चित्रं सुरेख होती, पण घोळ तिथेच होता.

शीटवर नायिका २००० पिक्सेल उंच होती, गेममध्ये जेमतेम ६४. म्हणून मी आधी ती पूर्ण काळी करून त्याच मापाला आणली. चित्राची बॅकग्राउंड पारदर्शक असेल तर एवढी कमांड पुरते:

```
magick front.png -alpha extract -negate -resize x64 sil.png
```

आता बघा काय उरलं: एक उभा ठोकळा! हात अंगाला चिकटलेले आणि निरोपाची पिशवी पोटासमोर, त्यामुळे काळ्या रंगात दोन्ही गायब. पिशवी कंबरेच्या बाजूला घेतली आणि कोपर थोडं बाहेर काढलं, तेव्हा हात आणि धड यांच्यामध्ये मोकळी फट दिसू लागली. अशा फटींमुळेच आकृती ओळखू येते. मागच्या चित्रावरही हेच करा, कारण कॅमेरा पाठीमागे असेल तर खेळणारा बहुतेक वेळ पाठच बघतो.

दुसरा मुद्दा आकारांचा. चौकोन स्थिर आणि भक्कम वाटतो, गोल मऊ वाटतो, तिरका त्रिकोण चपळ वाटतो. हा काही नियम नाही, पण आपली नजर साधारण असंच वाचते. इथे चपळ नायिका चौकोनी होती आणि बाजारातले हमालही चौकोनी. मग ओढणीचं टोक मागे त्रिकोणासारखं उडतं ठेवलं आणि हमाल तसेच राहू दिले.

शेवटची परीक्षा गर्दीची. बाराजणांमध्ये नायिका ठेवून स्क्रीनशॉट ग्रे केला. तिचा लाल कुर्ता आणि इतरांचे हिरवे कपडे एकाच करड्या छटेचे निघाले. रंग वेगळे होते, उजळपणा सारखाच होता. वाल्वने २००७ च्या टीम फोर्ट्रेस २ मध्ये बाह्याकृतीवरून क्लास ओळखू येईल असं डिझाइन केलं आणि जास्तीत जास्त काँट्रास्ट छातीपाशी ठेवला, कारण हत्यार तिथेच असतं. आम्हीही ओढणी फिकट करून उजळ भाग खांद्यापाशी आणला.

एक लक्षात ठेवा: हात पसरून उभी असलेली पोझ नेहमीच स्पष्ट दिसते. म्हणून पळतानाच्या दोन-तीन पोझ काळ्या करून बघा. आमच्या एका पोझमध्ये पिशवी पुन्हा धडामागे लपली होती. शीटवर ती दुरुस्ती एका संध्याकाळीत झाली. ॲनिमेशननंतर हीच चूक सापडली असती, तर प्रत्येक फ्रेम बदलावी लागली असती.