बाण सापडतो, रेघ हरवते

माझी आत्या साताऱ्याला असते. वय 74, निवृत्त शिक्षिका. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग वयोमानाने झिजल्यामुळे ती जिथे नेमकं पाहायला जाते तिथेच धूसर डाग येतो. कडेचं मात्र बऱ्यापैकी दिसतं. तरीही सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त लॅपटॉपवर तीच टाइप करते. अक्षरं तिने केव्हाच मोठी करून घेतली होती. तिची अडचण वेगळी होती. "अरे, वाचता येतंय मला. पण मी कुठे आहे तेच कळत नाही," ती म्हणाली.

तिच्याशेजारी बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की ती दोन वेगळ्या गोष्टी शोधत होती आणि दोन्हींना कर्सरच म्हणत होती. आपण सगळेच तसं म्हणतो. एक म्हणजे माउसबरोबर फिरणारा बाण. दुसरी म्हणजे पुढचं अक्षर जिथे उमटणार तिथे लुकलुकणारी उभी रेघ. या दोन्हींची सेटिंग वेगवेगळ्या पानांवर असतात. कुणीतरी मदतीला येतं, बाण मोठा करून देतं आणि काम झालं असं समजून निघून जातं. आत्याच्या बाबतीत तेच झालं होतं.

तिच्या लॅपटॉपवर विंडोज 11 आहे. विंडोजची कळ दाबून धरून `U` दाबलं की Accessibility हे पान थेट उघडतं. त्यातल्या Mouse pointer and touch या भागात बाणाचा आकार 1 ते 15 असा वाढवता येतो. आत्याचा बाण कुणीतरी थेट 15 वर नेऊन ठेवला होता. बाण कितीही मोठा केला तरी क्लिक होतं ते त्याच्या डाव्या वरच्या टोकाशीच. बाकीचं धूड उजवीकडे आणि खाली पसरतं. त्यामुळे मेनूतली एक ओळ निवडायला गेलं की तिच्या खालच्या दोन-तीन ओळी झाकल्या जायच्या. आम्ही एकेक आकडा कमी करत आलो आणि 5 वर थांबलो. काचबिंदूमुळे ज्यांची कडेची दृष्टी गेली आहे आणि नळीतून पाहिल्यासारखं फक्त मधलं दिसतं, त्यांना यापेक्षाही लहान बाण सोयीचा पडू शकतो, कारण मोठा बाण त्यांच्या उरलेल्या छोट्या खिडकीत मावतच नाही.

आकारापेक्षा रंगाने जास्त फरक पडला. बाण पांढरा, काळा, उलट रंगाचा किंवा आपल्या आवडीच्या रंगाचा असा ठेवता येतो. उलट रंगाचा म्हणजे खाली जे असेल त्याच्या विरुद्ध: पांढऱ्यावर काळा, काळ्यावर पांढरा. ऐकायला हाच सगळ्यांत चांगला वाटतो. पण मध्यम राखाडीच्या विरुद्ध रंग पुन्हा राखाडीच येतो, त्यामुळे राखाडी पट्टीवर किंवा फोटोवर गेला की हा बाण जवळजवळ नाहीसा होतो. आवडीचा रंग म्हटलं की बहुतेक जण पिवळा निवडतात. काळ्यावर तो झळाळतो, पण पांढऱ्या कागदासारख्या पानावर त्याचा उठाव नगण्य असतो. उठाव मोजायचं एक प्रमाण आहे. काळं आणि पांढरं यांच्यात ते 21 भरतं. भडक पिवळा आणि पांढरा यांच्यात ते जेमतेम 1.07 आहे. उलट भडक गुलाबी, ज्याला मॅजेंटा म्हणतात, तो पांढऱ्यावर 3.1 आणि काळ्यावर 6.7 भरतो. दोन्हीकडे शिखर गाठत नाही, पण दोन्हीकडे दिसतो. आत्याने गुलाबीच घेतला.

मग रेघेकडे वळलो. मराठी लिहिणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. ही रेघ मुळात अगदी बारीक असते, जाडी फक्त 1. आणि आपली लिपी उभ्या रेघांनीच भरलेली. 'कारखाना' हा एक शब्द घ्या. क, ख आणि न यांचे दंड आणि तीन काने मिळून सहा उभ्या रेघा झाल्या. त्यांच्यात कर्सर ही सातवी. धूसर नजरेला ती काना वाटते, आणि काना कर्सर वाटतो. आत्याच्या इतिवृत्तात शब्दांच्या मधोमध नको ती अक्षरं घुसायची, ती का, हे मला तेव्हा उमगलं. टाइपिंग चुकत नव्हतं, जागा चुकत होती.

Accessibility मध्येच Text cursor नावाचा भाग आहे. तिथे रेघेची जाडी 1 ते 20 करता येते. फार जाड केली तर ती पुढच्या अक्षरावर चढते आणि ते अक्षर ओळखता येत नाही. आत्याला 6 पुरली. त्याच भागात Text cursor indicator चालू केलं की रेघेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रंगीत खूण येते. आम्हाला सगळ्यांत जास्त उपयोग याचाच झाला, कारण कान्याला असे रंगीत गोंडे नसतात. खुणेचा आकार मात्र बेताचा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या तिच्याआड जातात. रंग इथेही गुलाबीच ठेवला, म्हणजे गुलाबी दिसलं की ती आपली जागा, एवढंच लक्षात ठेवायचं.

काही प्रोग्राम आपली रेघ स्वतःच काढतात आणि हे सेटिंग जुमानत नाहीत. ज्यात रोज लिहायचं त्याच प्रोग्राममध्ये ताडून पाहा.

निवडलेल्या मजकुराचा रंग बदलायला Contrast themes मध्ये जावं लागतं. एखादी थीम निवडून Edit केलं की Selected text ला अक्षराचा आणि मागचा असे दोन रंग देता येतात. फक्त या थीमने सगळ्या पडद्याचं रूप पालटतं. आत्याला ते रुचलं नाही, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

दोन छोट्या खुणा Additional mouse settings मधल्या Pointer Options मध्ये आहेत. टाइप करताना बाण लपवण्याची सोय तिथे आधीपासून चालू असते. ज्याला बाण मुळातच सापडत नाही, त्याच्यासाठी ती बंद करावी. आणि Show location of pointer when I press the CTRL key यावर खूण केली, की `Ctrl` दाबून सोडल्यावर बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात. कडेची नजर शाबूत असलेल्याला हालचाल चटकन टिपता येते, म्हणून आत्याला ही वर्तुळं लगेच सापडली.

जमलं की नाही हे विचारून कळत नाही. माणसं भिडेखातर "हो, बरं दिसतंय" म्हणतात. त्यांना डोळे मिटायला सांगा, बाण कुठेतरी कोपऱ्यात नेऊन ठेवा आणि मग शोधायला सांगा. पांढऱ्या पानावर एकदा, गडद पडद्यावर एकदा, फोटोवर एकदा. रेघेसाठी एखाद्या लांब परिच्छेदाच्या मध्ये क्लिक करून तेच करा. तीन-चार सेकंदांत बोट तिथे गेलं नाही, तर आकडा किंवा रंग बदला आणि पुन्हा करून पाहा.

आणि हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. दुसऱ्याच्या संगणकावर बसलं की बाण पुन्हा लहान आणि रेघ पुन्हा 1 असते. आत्याच्या कागदावर लिहिलंय: विंडोज आणि `U`, बाण 5, रेघ 6, रंग गुलाबी.