गोड वास आणि घटणारे कूलंट

घाटनांदूरच्या आसपास सोयाबीन व भाजीपाला अंबाजोगाईच्या बाजारात नेण्यासाठी अनेक शेतकऱ्यांनी लहान डिझेल पिकअप गाड्या घेतल्या आहेत. अशा एखाद्या गाडीत कधी कधी चमत्कारिक गोष्ट आढळते. बाटलीतील कूलंट दर चार-पाच दिवसांनी बोटभर खाली जाते, गाडीखाली एक थेंबही दिसत नाही, आणि मधूनमधून गोडसर वास येतो. मालक वरचेवर पाणी भरतो व काम चालू ठेवतो. येथेच चूक होते.

कूलंट म्हणजे पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण होय. गोड वास त्या ग्लायकॉलचा असतो. कूलंट बंद नळ्यांतून फिरत असल्याने ते कमी झाले, तर कोठून तरी बाहेर पडत आहे हे निश्चित. जमीन कोरडी असेल, तर ते एक तर केबिनमध्ये झिरपते, नाहीतर इंजिनात जळते, किंवा गरम भागावर पडून तेथेच वाळते. या वाटा वासानेच बऱ्याच अंशी ओळखता येतात.

समजा, एका शेतकऱ्याच्या गाडीत हाच दोष दिसला आणि मेकॅनिकने हेड उतरवण्याचा सल्ला दिला. खर्चाचे काम सुरू करण्यापूर्वी पुढीलप्रमाणे पाहावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बाटलीवर कूलंटच्या पातळीपाशी खूण करावी व दररोज सकाळी, इंजिन थंड असतानाच, पातळी वहीत लिहावी. गरम इंजिनाचे झाकण कदापि उघडू नये. उकळते कूलंट अंगावर उडते.

दुसऱ्या दिवशी काचा बंद करून हीटर गरमवर ठेवावा व पंखा दहा मिनिटे चालवावा. वास वाढला, समोरील काचेवर आतून तेलकट धुके बसले, किंवा डॅशबोर्डखालची चटई ओलसर लागली, तर संशय हीटर कोअरवर घ्यावा. हा डॅशबोर्डमागील लहान रेडिएटरच होय. त्यातून झिरपलेले पाणी चटईत मुरते, म्हणून जमिनीवर डाग पडत नाही. पडताळा घेण्यासाठी इंजिन थंड असताना हीटरकडे जाणारे दोन्ही होज पाइप काढून मापाच्या तुकड्याने एकमेकांना जोडावेत, घटलेले कूलंट भरावे व आठवडाभर वही पाहावी. पातळी स्थिर राहिली, तर दोष हीटर कोअरचाच. या शेतकऱ्याच्या गाडीत चटई ओलसर होती आणि जोडणीनंतर आठ दिवस पातळी हलली नाही. हेड उतरवण्याचा खर्च वाचला.

चटई कोरडी व काच स्वच्छ असती, तर लक्ष सायलेन्सरकडे द्यावे लागले असते. हेड गॅस्केट फाटल्यास रात्री कूलंट सिलिंडरमध्ये उतरते. सकाळी इंजिन थोडा वेळ थरथरते व पांढरी वाफ सोडते. थंडीतील साधी वाफ काही मिनिटांत थांबते. ही वाफ इंजिन तापल्यावरही राहते व गोडसर वास देते. न जळलेल्या डिझेलच्या धुराचा वास मात्र उग्र असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर जळालेला वायू पाण्यात शिरत आहे असे समजावे.

नव्या डिझेल गाड्यांत धूर थंड करणारा ईजीआर कूलर फुटल्यासही अशीच वाफ येते. म्हणून हेड उतरवण्यापूर्वी कूलर तपासून घ्यावा. दोन्ही वाटा निर्दोष ठरल्यास पाण्याच्या पंपाखाली, होजच्या क्लिपांपाशी व रेडिएटरच्या झाकणाभोवती वाळलेले पांढरे किंवा रंगीत डाग शोधावेत.

ऑइलची डिपस्टिक ताकासारखी पांढुरकी दिसली, तर गाडी सुरू करू नये. पाणीमिश्रित ऑइलने बेअरिंग खराब होतात. सिलिंडरमध्ये साचलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीला ओढून न्यावे. गळती बंद करणारी पूड टाकणेही टाळावे. ती बारीक नळ्या बुजवते. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वारंवार भरल्यास आत खडा बसतो, म्हणून भरण्यास शुद्ध केलेले पाणी व योग्य कूलंटच वापरावे.

शेवटी एक दक्षता. ग्लायकॉल विषारी आहे व गोड असल्याने कुत्री, वासरे ते चाटतात. काढलेले कूलंट झाकणाच्या डब्यात ठेवावे. गोठ्याजवळ, हौदात किंवा नालीत कधीही ओतू नये.