एनपीएस +२० म्हणजे नक्की काय?

ग्राहक समाधानावर असाइनमेंट करताय? मग गुंद गावातल्या दोन होमस्टेंचं हे काल्पनिक उदाहरण बघा.

एनपीएसचा प्रश्न एकच: 'हे ठिकाण मित्रांना सुचवाल का? ० ते १० गुण द्या.' ९-१० देणारे प्रवर्तक, ७-८ वाले तटस्थ, ० ते ६ वाले नाराज. फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली ही पद्धत.

एनपीएस = प्रवर्तक % − नाराज %

दोन्हीकडे ५० पाहुण्यांनी उत्तरं दिली.
🏡 पहिला: २० प्रवर्तक, २० तटस्थ, १० नाराज. ४० − २० = +२०
🏡 दुसरा: ३० प्रवर्तक, तटस्थ कुणीच नाही, २० नाराज. ६० − ४० = +२०

आकडा सारखाच, पण दुसरीकडे नाराज दुप्पट! तिथे काहीतरी बिनसलेलं असू शकतं. पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले पाहुणे वेगळे करून बघा.

दुसरी गंमत: शून्य देणारा पुढच्या वेळी सहा देऊ लागला, तरी एनपीएस हलत नाही. आठवरून नऊवर गेला, तर लगेच वाढतो.

शिवाय ५० उत्तरांवर पहिल्या होमस्टेची ९५% विश्वासमर्यादा सुमारे ±२१ येते. म्हणून पुढच्या वर्षी +३० झाला, तरी 'सुधारणा झाली' असं लिहू नका. तिन्ही गटांची टक्केवारी आणि उत्तरांची संख्या मात्र जरूर द्या.