एसडीआरच्या टोपलीत नेमके काय ठरलेले असते?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआरविषयी, म्हणजे विशेष आहरण अधिकारांविषयी, सर्वांत पक्का बसलेला गैरसमज टक्केवारीचा आहे. टोपलीत डॉलर ४३.३८ टक्के, युरो २९.३१, चिनी युआन १२.२८, जपानी येन ७.५९ आणि पौंड ७.४४ टक्के असतो, असे पुस्तकांत छापलेले असते. ते वाचून विद्यार्थी प्रत्येक टक्केवारीला त्या दिवसाच्या विनिमय दराने गुणतात आणि बेरीज करतात. ती बेरीज चुकीची असते.

ही टक्केवारी फक्त टोपली भरतानाची आहे. सध्याची टोपली १ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाली. त्या वेळी आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी विनिमय दरांवरून या टक्केवारीचे रूपांतर चलनांच्या ठोस रकमांत केले गेले. एका एसडीआरमध्ये ०.५७८१३ डॉलर, ०.३७३७९ युरो, १.०९९३ युआन, १३.४५२ येन आणि ०.०८०८७० पौंड. पुढचा फेरआढावा लागू होईपर्यंत गोठलेल्या असतात त्या या रकमा. टक्के मात्र रोज हलतात. वाण्याच्या यादीत पाच किलो तांदूळ आणि दोन किलो डाळ कायम ठेवली आणि डाळ महागली, तर बिलातला डाळीचा वाटा वाढतो. यादी तीच राहते. इथेही तसेच आहे.

आता हिशेब करून पाहू. सोयीसाठी दर असे धरू: १ युरो = १.०८ डॉलर, १ पौंड = १.२७ डॉलर, १ डॉलर = ७.२० युआन = १५० येन. युरो आणि पौंडांच्या रकमांना दराने गुणायचे. युआन आणि येनच्या रकमांना भागायचे, कारण त्यांचे दर उलट्या बाजूने सांगितले जातात.

डॉलर: ०.५७८१
युरो: ०.३७३७९ × १.०८ = ०.४०३७
युआन: १.०९९३ ÷ ७.२० = ०.१५२७
येन: १३.४५२ ÷ १५० = ०.०८९७
पौंड: ०.०८०८७० × १.२७ = ०.१०२७

बेरीज १.३२६९. म्हणजे या दरांना एक एसडीआर सुमारे १.३३ डॉलरचा. याच दरांना टक्केवारी थेट लावली, तर उत्तर ०.८६ डॉलर येते आणि त्यात येनचा हिस्सा जवळजवळ शून्य दिसतो. चूक ओळखण्याची खूण तीच.

या उदाहरणात येनचा वाटा ६.७६ टक्के निघतो, सुरुवातीच्या ७.५९ पेक्षा बराच कमी. येन आणखी घसरून डॉलरला १६० झाला, तर एसडीआर १.३२१३ डॉलरवर येईल, येनचा वाटा ६.३६ टक्के होईल आणि डॉलरचा ४३.५७ वरून ४३.७६ टक्क्यांवर जाईल. टोपलीतला डॉलर एका सेंटनेही वाढलेला नसेल. म्हणून ‘डॉलरचा भार वाढला’ असे वाचले की मी आधी विचारतो: फेरआढाव्यात वाढला, की बाजारात? पहिला निर्णय असतो, दुसरा निव्वळ भागाकार. नाणेनिधी हा हिशेब लंडनच्या दुपारच्या सुमाराच्या दरांवरून रोज करतो.

मूळ टक्केवारीबद्दलही अर्धवट समज आहे, की ती मोठ्या अर्थव्यवस्थांच्या आकारावरून ठरते. तसे असते, तर चीनचा वाटा इतका कमी दिसला नसता. निम्मे वजन निर्यातीला असते. उरलेल्या निम्म्यात ते चलन परकीय गंगाजळीत, परकीय चलनबाजारात आणि आंतरराष्ट्रीय कर्जव्यवहारांत किती वापरले जाते ते पाहतात. युआन टोपलीत आला तोच मुळी १ ऑक्टोबर २०१६ रोजी.

‘कागदी सोने’ हे जुने नावही दिशाभूल करते. १९६९ मध्ये एसडीआर ०.८८८६७१ ग्रॅम सोन्याशी बांधलेला होता, पण १९७४ पासून त्याची किंमत चलनांच्या टोपलीवरून ठरते. आणि ही टोपली म्हणजे कुठल्या तिजोरीत साठवलेल्या नोटा नव्हेत, ते मोजमाप आहे. ऑगस्ट २०२१ च्या वाटपात भारताला १२.५७ अब्ज एसडीआर मिळाले, ते रिझर्व्ह बँकेच्या परकीय गंगाजळीत वेगळ्या ओळीत दिसतात. देश ते दुसऱ्या सदस्यांना देऊन वापरता येणारी चलने घेऊ शकतो. बाजारात एसडीआर देऊन काही विकत घेता येत नाही.

सामान्य माणसाशी त्याचा संबंध नाही, हेही खरे नाही. मॉन्ट्रियल कराराखालील आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामान हरवल्यास भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. वरच्या दरांना ती सुमारे २,०१६ डॉलर होते. दावा न्यायालयात गेला, तर रूपांतर सामान हरवल्याच्या दिवसाच्या नव्हे, निकालाच्या दिवसाच्या मूल्याने होते. म्हणजे दरम्यान येन किंवा युरो हलला, तर मुंबईच्या प्रवाशाच्या दाव्याची कमाल मर्यादाही रुपयांत बदललेली असते.